कंसातलं शेवटचं वाक्य

जपानमधल्या कुठल्याही किराणा दुकानात करीच्या वड्या मिळतात. दिसायला चॉकलेटच्या लादीसारख्या. बटाटा, गाजर, कांदा शिजवायचा, त्यात एकेक तुकडा मोडून टाकायचा, की दहा मिनिटांत दाट तपकिरी करी तयार. पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानांत असली पाकिटं आता दिसतात. त्याहून जास्त ती जपानला कामानिमित्त जाऊन आलेल्यांच्या बॅगेतून येतात. ‘करी’ हा शब्द आपल्या ओळखीचा, त्यामुळे आत काय असेल याची फारशी चौकशी कुणी करत नाही. हळद, धणे, जिरे, मिरची, आणखी काय असणार?

पाकिटाच्या मागे एक चौकट असते. अशाच एका वडीच्या चौकटीतला मजकूर मराठीत साधारण असा होईल, असं समजा: गव्हाचं पीठ, पामतेल, साखर, मीठ, करी पावडर, सोयासॉस पावडर, पीनट बटर, कात्सुओ अर्क, हायड्रोलाइज्ड प्रोटीन / चव वाढवणारे पदार्थ (अमिनो आम्ल इत्यादी), कॅरमेल रंग, इमल्सिफायर, आणि शेवटी एक कंस: (काही घटकांमध्ये गहू, दुधाचे घटक, शेंगदाणे, सोयाबीन आहे). एवढा मजकूर साधारण दोन इंच रुंदीच्या जागेत, डोळे बारीक करून वाचावा लागेल अशा अक्षरांत.

या मजकुराचा अनुवाद करणं म्हणजे शब्दकोश उघडून एकेक नाव उतरवणं, असं अनेकांना वाटतं. ही कामं स्वस्तात आणि घाईत दिली जातात त्याचं कारण बहुतेक हेच. प्रत्यक्षात इथला प्रत्येक कंस, प्रत्येक तिरकी रेघ जपानच्या अन्न-लेबल नियमांनुसार ठरावीक अर्थाची असते. तो नियम माहीत नसेल तर जपानी उत्तम येणाराही चुकतो.

शेवटच्या कंसापासूनच सुरुवात करू. जपानीत तो ‘इचिबु नि’ या शब्दांनी सुरू होतो. ‘इचिबु’ म्हणजे एक भाग, थोडासा अंश. त्यामुळे कच्चा अनुवादक लिहितो, ‘अंशतः गहू व शेंगदाणे आहेत’, किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘गहू व शेंगदाण्यांचा अंश असू शकतो’. वाचणाऱ्याला वाटतं, नावापुरतं काहीतरी असेल. पण आपल्या वडीत गव्हाचं पीठ यादीत पहिलं आहे, म्हणजे वजनाने सगळ्यांत जास्त! ‘इचिबु नि’ हे शब्द प्रमाण सांगतच नाहीत. वर लिहिलेल्या घटकांपैकी कशात ना कशात हे पदार्थ नक्की आहेत, एवढंच ते सांगतात. इंग्रजी लेबलवर त्याचा अर्थ सरळ ‘कंटेन्स’ असाच व्हायला हवा. ‘असू शकतं’ आणि ‘आहे’ यांतला फरक शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला समजावून सांगायची गरज नाही. अशा काहींना शेंगदाण्यातली काही मिलिग्रॅम प्रथिनंसुद्धा ओठ सुजायला, श्वास अडकायला पुरेशी ठरतात.

हा कंस कधी कधी गाळलाही जातो. स्टिकर लहान, मजकूर मोठा. मग कुणीतरी म्हणतं, वर गहू आहे, पीनट बटर आहे, सोयासॉस आहे, पुन्हा तेच कशाला? आपल्या उदाहरणात हा विचार करून कंस काढला, तर दूध नाहीसं होतं. वरच्या यादीत दूध कुठेच लिहिलेलं नाही. ते करी पावडरीबरोबर आलं, चव वाढवणाऱ्या एखाद्या मिश्रणाबरोबर आलं की आणखी कशातून, हे यादीवरून कळत नाही. जपानी नियमात ॲलर्जन लिहायच्या दोन पद्धती आहेत. एकीत प्रत्येक घटकापुढे लगेच कंस करून त्यातलं ॲलर्जन लिहितात. दुसरीत घटकांपुढे काही न लिहिता सगळं शेवटच्या कंसात एकत्र देतात. आपली वडी दुसऱ्या पद्धतीची. म्हणजे या पाकिटावर ॲलर्जनची पूर्ण माहिती देणारी जागा फक्त ती शेवटची ओळ आहे, आणि तीच पुनरुक्ती समजून कापली जाते.

पहिल्या पद्धतीतही एक खोच आहे. तिथे एकदा लिहिलेलं ॲलर्जन पुढच्या घटकांत पुन्हा आलं तर दुसऱ्यांदा लिहिलं नाही तरी चालतं. समजा, सॉसपुढे ‘गहू व सोयाबीनयुक्त’ लिहिलं आणि पुढे मसाल्याच्या मिश्रणातही गहू असला, तर तिथे गव्हाचा उल्लेख नसेल. अनुवादकाने जागा वाचवायला सॉसपुढचा कंस काढला, की अख्ख्या पाकिटातला गहू गेला.

आता दुधाकडे वळू, कारण जपानी लेबलवर सर्वांत जास्त गोंधळ दूधच घालतं. दुधाचं चित्राक्षर ‘न्यू’ असं वाचतात. इमल्सिफायरला जपानीत ‘न्यूकाझाई’ म्हणतात आणि त्याचं पहिलं अक्षर हेच, दुधाचं. तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणं हे त्या पदार्थाचं काम. मिश्रण दुधासारखं दिसतं म्हणून नावात दूध आलं, पण दुधाशी त्याचा संबंध असेलच असं नाही. बहुतेकदा तो सोयाबीनपासून किंवा वनस्पती तेलापासून काढलेला असतो, कधी अंड्याच्या बलकापासून. लॅक्टिक आम्लाच्या नावातही तेच अक्षर. ते सहसा वनस्पतींतल्या साखरेचं किण्वन करून बनतं. ‘तोन्यू’ म्हणजे सोयाबीनचं दूध, तिथेही तेच अक्षर. आणि ‘न्यूतो’ म्हणजे लॅक्टोज, जो खरोखर दुधापासूनच येतो. एकच अक्षर, चार ठिकाणी. पैकी तीनमध्ये गाई-म्हशीचं दूध असेलच असं नाही, चौथ्यात हमखास. मोबाइलचा कॅमेरा पाकिटावर धरून भाषांतर पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. त्यात कधी इमल्सिफायरचं दूध होतं, तर कधी सोयाबीनचा उल्लेख गळतो.

इमल्सिफायरच्या पुढे पुष्कळदा ‘दाइझु युराइ’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे सोयाबीनपासून मिळवलेला. ‘युराइ’ हा शब्द रोजच्या जपानीत उगम, इतिहास या अर्थाने येतो. लेबलवर मात्र तो ॲलर्जनचा इशारा असतो. ॲडिटिव्हमध्ये एखादं ॲलर्जन असेल तर ते त्याच शब्दाने सांगायचं, असा नियम आहे. भारतीय लेबलवर ॲडिटिव्ह बहुधा वर्गाचं नाव आणि आयएनएस क्रमांकाने लिहितात, इमल्सिफायर ३२२ वगैरे. जपानी मजकूर त्या साच्यात बसवताना ‘दाइझु युराइ’ला जागाच उरत नाही. क्रमांक बरोबर, वर्ग बरोबर, आणि सोयाबीन गायब.

इथवरच्या चुका जपानी नीट न वाचल्याच्या. पण मला वाटतं, खरी अडचण याच्या पुढे आहे. शेवटचा कंस शब्दशः अचूक उतरवला तरी भारतातल्या वाचकासाठी लेबल चुकीचं राहू शकतं.

ॲलर्जन कशाला म्हणायचं, याची प्रत्येक देशाची यादी वेगळी आहे. जपानमध्ये काही पदार्थ लिहिणं सक्तीचं आहे: कोळंबी, खेकडा, गहू, बकव्हीट, अंडी, दूध, शेंगदाणे, मार्च २०२३ मध्ये त्यात अक्रोडाची भर पडून ते आठ झाले. याखेरीज वीसेक पदार्थ लिहावेत अशी शिफारस आहे, सक्ती नाही. सोयाबीन, तीळ, बदाम हे शिफारशीतले. मासे म्हणाल तर सॅमन आणि मॅकरेल तेवढे शिफारशीत आहेत. बाकीचे मासे दोन्ही यादींत नाहीत.

भारताची यादी एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबल नियमांत आहे. ग्लूटेन असलेली धान्यं, कोळंबी-खेकड्याच्या वर्गातले प्राणी, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कठीण कवचाची फळं, सोयाबीन, आणि किलोमागे दहा मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट. इथे मासे म्हणजे सगळे मासे. ग्लूटेनची धान्यं म्हणजे गव्हाबरोबर सातू, राय, ओटही.

या दोन याद्या शेजारी ठेवून आपली वडी पुन्हा पाहा. यादीत कात्सुओ अर्क आहे. कात्सुओ हा ट्यूनाच्या कुळातला मासा. त्याला वाळवून, धुरी देऊन त्याचा कीस काढतात आणि जपानी स्वयंपाकाचा पायाभूत रस्सा त्यावर बनतो. जपानी नियमात कात्सुओ ॲलर्जन नाही, त्यामुळे शेवटच्या कंसात तो नाही आणि नसणं योग्यच आहे. पण भारताच्या नियमात ‘मासे’ लिहायलाच हवेत. कंसाचा प्रामाणिक अनुवाद करणारा अनुवादक इथे नकळत मासा गाळतो. शाकाहारी माणसाच्या दृष्टीने काय होतं ते वेगळंच.

सातूचंही तसंच. जपानमध्ये सातू घालून आंबवलेला मिसो असतो, सातूपासून काढलेला माल्ट अर्क बिस्किटांत असतो. जपानी कंसात फक्त गहूच सक्तीचा, सातू नव्हे. सेलिॲक आजार असलेल्या, ग्लूटेन अजिबात न चालणाऱ्या माणसाने स्टिकरवर ‘गहू’ नाही म्हणून पाकीट घेतलं, तर पोट बिघडण्याचा दोष त्याचा नाही.

उलट दिशेनेही गळती होते. बकव्हीट जपानमध्ये सक्तीच्या यादीत आहे, कारण तिथे त्याच्या नूडल्स, म्हणजे सोबा, रोजच्या खाण्यातल्या आणि त्यांची ॲलर्जी जीवघेणी ठरते. भारताच्या आठांत बकव्हीट नाही. ‘भारतात लागतं तेवढंच लिहा’ अशी सूचना आली की ते निघून जातं. उरलं तरी इंग्रजी नावातल्या ‘व्हीट’ने घोटाळा होतो. बकव्हीट गहू नाही, गवताच्या कुळातलंही नाही. उत्तर भारतात उपासाला चालणारं कुट्टूचं पीठ ते हेच. पण सोबामध्ये चिकटपणासाठी बहुतेकदा गव्हाचं पीठही मिसळतात, म्हणून तिथे दोन्ही नावं लिहिली तरच लेबल खरं.

म्हणून अनुभवी माणूस कंसावर थांबत नाही. तो घटकांच्या पहिल्या ओळीपासून जातो आणि प्रत्येक मिश्र पदार्थापुढे प्रश्न मांडतो: हे कशापासून बनलं? सोयासॉस म्हणजे नुसतं सोयाबीन नव्हे. नेहमीच्या जपानी सोयासॉसमध्ये सोयाबीन आणि गहू जवळजवळ सारख्या प्रमाणात असतात. हायड्रोलाइज्ड प्रोटीन म्हणजे कशाचं प्रोटीन? ते गव्हाचं, सोयाबीनचं किंवा प्राण्यांच्या जिलेटिनचं असू शकतं. पाकिटावरून कळत नसेल तर उत्पादकाकडून त्या मालाचं तपशीलपत्रक, ज्याला सगळे स्पेक शीट म्हणतात, ते मागवायचं. ते मिळेपर्यंत अनुवाद पुरा झाला असं म्हणायचं नाही. यासाठी पैसे कुणी जास्त देत नाही, ही गोष्ट निराळी.

चौकटीच्या बाहेर, पाकिटाच्या दुमडलेल्या कडेजवळ आणखी एक वाक्य असतं, ते नजरेतून सुटतं. ‘या कारखान्यात कोळंबी, अंडी असलेली उत्पादनंही बनतात’ अशा धाटणीचं. जपानमध्ये ‘असू शकतं’ असं लिहायला मनाई आहे. उत्पादकाने मोघम बोलून जबाबदारी टाळू नये हा हेतू. कारखान्यातल्या सामाईक यंत्रांची माहिती मात्र देता येते. भारतात ‘मे कंटेन’ चालतं, म्हणून या वाक्याचं ‘मे कंटेन’ करणं योग्य आहे. त्याचं ‘कंटेन्स’ केलं तर कोळंबी नसलेल्या पाकिटात कोळंबी लिहिली जाते. ते वाक्य गाळलं तर धोका लपतो. खोटा इशारा निरुपद्रवी वाटतो, पण सगळ्याच पाकिटांवर सगळंच लिहिलेलं दिसायला लागलं की घरात ॲलर्जी असलेले लोक लेबल वाचणंच सोडून देतात.

भारतात आल्यावर या सगळ्याची दुरुस्ती होते का? फारशी नाही. माल बंदरात उतरल्यानंतर स्टिकर लावून सुधारता येतात अशा गोष्टी आयातीच्या नियमांत मोजक्याच आहेत: आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचं चिन्ह आणि परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारी खूण आणि असंच थोडं. ॲलर्जनची सूचना त्यात नाही. ती मूळ लेबलवर, इंग्रजीत किंवा हिंदीत, माल निघण्यापूर्वीच असायला हवी. म्हणजे चूक झाली तर ती जपानमधल्या कुठल्यातरी टेबलावर झालेली असते. बॅगेतून येणाऱ्या पाकिटावर तर काहीच नसतं.

इंग्रजी मजकूर वाचून घरात मराठीत सांगताना आणखी एक टप्पा येतो. कोकणपट्टीतल्या आणि गोव्यातल्या घरांनी विशेष जपावं असा शब्द म्हणजे ‘शेलफिश’. सरळ वाचलं तर ‘शिंपले’. पण इंग्रजीत त्यात दोन निराळे वर्ग येतात. एक कोळंबी, खेकडे, शेवंड, जवळा यांचा. दुसरा तिसऱ्या, कालवं, खुबे, माकूळ यांचा. ॲलर्जी पहिल्या वर्गाची असताना दुसरा वर्ग पचणारी माणसं आहेत, आणि उलटही. भारताच्या यादीत पहिलाच वर्ग आहे. ‘शिंपल्यांची ॲलर्जी असणाऱ्यांनी खाऊ नये’ असा मराठी अर्थ काढून कोळंबीची ॲलर्जी असलेला माणूस निश्चिंत होतो. ‘ट्री नट्स’चं ‘सुकामेवा’ करणंही चुकीचं, कारण आपल्या सुक्यामेव्यात बेदाणे आणि खारीकही येतात. बदाम, काजू, पिस्ते, अक्रोड अशी नावं सुटी लिहावीत.

आपल्याकडून बाहेर जाणाऱ्या पाकिटांतही हेच घडतं. गोडा मसाल्यात तीळ असतात. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ ॲलर्जन म्हणून जाहीर करावे लागतात. त्याआधी ते ‘मसाले’ या एका शब्दाखाली झाकले जाऊ शकत. युरोपच्या १४ ॲलर्जनच्या यादीत तिळाबरोबर मोहरीही आहे, आणि आपल्या फरसाणाची फोडणी मोहरीशिवाय होत नाही. हिंगाचं काय? बाजारात मिळणारा बांधानी हिंग हा शुद्ध डिंक नसतो. त्यात बहुतेकदा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. घटकांच्या यादीत नुसतं ‘हिंग’ लिहिलं, तर न्यू जर्सीतल्या सेलिॲक रुग्णाला भडंगात गहू आहे हे कळायला मार्ग नाही.

तपासणीची पद्धत साधी आहे, ती वेळ खाते इतकंच. अनुवाद न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाने मूळ लेबलवरचे कंस मोजायचे आणि ते अनुवादात आहेत का पाहायचं. मग निर्यात होणाऱ्या देशाची ॲलर्जन यादी हातात घेऊन एकेक पदार्थावर बोट ठेवायचं: मासे, आहेत का? सल्फाइट, आहे का? आणि हे सगळं प्रत्यक्ष पाकिटावरून करायचं, मागच्या वर्षीच्या फाइलवरून नव्हे. कंपन्या चव सुधारतात, एखादा घटक बदलतात, पाकिटाचं पुढचं चित्र तेच ठेवतात. जुना अनुवाद तसाच्या तसा नव्या मालावर चढतो आणि त्यावर कुणालाच संशय येत नाही, कारण गेल्या खेपेला तो बरोबर होता.

घरात कुणाला ॲलर्जी असेल तर परदेशी पाकीट विकत घेताना इंग्रजी स्टिकर आणि मूळ मजकूर दोन्ही दिसतात का ते पाहा. स्टिकरने मूळ यादीच झाकली असेल तर ते पाकीट ठेवून द्या. मूळ मजकुरात शेवटी कंस दिसतो आणि इंग्रजीत ‘कंटेन्स’ची ओळ नाही, हे भाषा न येताही नजरेने कळतं. अशी विसंगती आढळली तर दोन्ही बाजूंचे आणि बॅच क्रमांकाचे फोटो काढून एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर तक्रार करा. त्याच बॅचची बाकीची पाकिटं अजून दुकानांत असतात.